जुन्या पोथीची नोंद : शीर्षक, विषय आणि वर्णन कसं भरायचं

पोथीचे फोटो काढून झालेत, समोर तक्ता उघडलाय आणि शीर्षक, विषय, वर्णन हे तीन रकाने रिकामे आहेत, अशा माणसासाठी हा लेख आहे. डिजिटल संग्रहांत बहुतेक ठिकाणी डब्लिन कोअर नावाची पद्धत वापरतात. तिच्यात मूळ पंधरा रकाने असतात. बाकीचे बरेचसे रकाने भरताना फारसं डोकं चालवावं लागत नाही. खरी गफलत होते ती या तिघांत, कारण तिन्ही रकान्यांची कामं वेगळी असूनही नवखा माणूस तिन्हींत तेच ते लिहून ठेवतो.

आधी एवढं ठरवून घ्या : शीर्षक शोधणाऱ्यासाठी असतं, म्हणून ते आजच्या प्रमाण लेखनात लिहायचं. वर्णन पुरावा म्हणून असतं, म्हणून पोथीतला मजकूर तिथे जसाच्या तसा उतरवायचा, अगदी चुकांसकट. आणि विषय आपल्या मनाने लिहायचा नाही, आधी ठरवलेल्या यादीतून उचलायचा. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या तीन गोष्टींचाच विस्तार आहे.

समजायला सोपं जावं म्हणून शिवलीलामृताची एक नमुना पोथी घेऊ. पोथी मी सरावासाठी रचली आहे, पण तिच्यातली एकूण एक अडचण कोकणातल्या घरांमध्ये नेहमी भेटणारी आहे. लाल फडक्याचं बासन, आत सुटी पत्रं, २३ सेंटिमीटर लांब आणि ११ सेंटिमीटर रुंद. बाळबोध अक्षर, प्रत्येक बाजूला दहा ओळी, काळी शाई, दोन्ही कडांना तांबड्या शाईच्या उभ्या रेघा. शेवटच्या पत्रावर लिहिणाऱ्याने लिहिलंय :

«शके १७३८ धातानाम संवछरे माघ वद्य १३ तद्दिने सिवलीळामृत पुस्तक समाप्त ॥ लिखितं [...]भट ॥ कशेळी श्रीकनकादित्य संनिध ॥ श्रीसांबसदाशिवार्पणमस्तु ॥»

चौकटी कंसातले तीन ठिपके म्हणजे तिथला कागद कसरीने खाल्लाय. लिहिणाऱ्याचं नाव गेलं, फक्त «भट» उरलंय.

पत्रं मोजून घ्या

नोंद लिहायला बसण्याआधी पत्रांचा हिशेब झालेला हवा. पोथीचं पत्र म्हणजे दोन बाजूंचा एक कागद. पत्रांक बहुधा पत्राच्या मागच्या बाजूच्या समासात असतो. त्यामुळे पहिल्या फोटोत आकडा दिसत नाही, दुसऱ्या फोटोत दिसतो. हे माहीत नसलं की लोक पत्र १ ची मागची बाजू «पान १» धरतात आणि तिथून पुढची सगळी मोजणी एका बाजूने सरकते. म्हणून पुढची बाजू १अ, मागची १ब असं लिहायचं.

आपल्या पोथीत पत्रांक १ ते १२८ आहेत. हातात पत्रं आहेत १२७, कारण ४१ नाही. ते पत्र खरंच हरवलंय की लिहिणाऱ्यानेच आकडा गाळलाय, हे ओव्यांच्या क्रमांकावरून कळतं. ४०ब वर ६२ वी ओवी पुरी होते आणि ४२अ वर ८२ वी सुरू होते. म्हणजे मधल्या १९ ओव्या नाहीत, पत्र गहाळच आहे. ४२अ वर ६३ वी ओवी आली असती तर मजकूर सलग आहे आणि फक्त आकडा चुकलाय, असं म्हणता आलं असतं. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, पण ती केलेली नसेल तर «अपूर्ण» हा शब्द नोंदीत लिहू नका.

कोकणासाठी एक सूचना. पावसाळ्यात घरातून आलेली पोथी दमट असते आणि पत्रं एकमेकांना चिकटलेली असतात. ती नखाने सोडवायला जाऊ नका. «पत्रे ७३ व ७४ चिकटलेली, आतील बाजूंचे फोटो नाहीत» एवढं वर्णनात लिहा आणि पुढे चला. सोडवायचं काम ते शिकलेल्या माणसाचं.

शीर्षक

पोथीला छापील पुस्तकासारखं मुखपृष्ठ नसतं. नाव चार ठिकाणी सापडू शकतं : प्रत्येक अध्यायाच्या शेवटी «इति श्री» ने सुरू होणाऱ्या ओळीत, पोथीच्या अगदी शेवटी, समासातल्या संक्षेपात (इथे «सि ली» असा) आणि बासनावर अडकवलेल्या चिठ्ठीवर. भरवसा याच क्रमाने ठेवायचा. चिठ्ठी बहुधा कोणीतरी नंतर लिहिलेली असते, आणि घरात एक पोथी काढून दुसऱ्या बासनात ठेवली गेली तरी चिठ्ठी जुन्याच बासनाला राहते.

अध्यायाच्या शेवटची ओळ सर्वांत भरवशाची खरी, पण शिवलीलामृतात तिथेच एक खड्डा आहे. ग्रंथाच्या नावाला लागूनच तिथे स्कंदपुराणाचा आणि त्यातल्या ब्रह्मोत्तरखंडाचा उल्लेख येतो, कारण श्रीधरांनी कथा तिथून घेतल्या. घाईत वाचणारा माणूस «स्कंदपुराण» हे ठळक नाव पाहतो आणि शीर्षकात तेच लिहितो. मग ही मराठी ओवीबद्ध पोथी संस्कृत पुराणांच्या रांगेत जाऊन बसते आणि शिवलीलामृत शोधणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. आधारग्रंथाचं नाव वर्णनात लिहायचं, शीर्षकात नाही.

आता शुद्धलेखन. लिहिणाऱ्याने «सिवलीळामृत» लिहिलंय. शीर्षकात शिवलीलामृत लिहायचं, आणि पर्यायी शीर्षकाचा रकाना असेल तर त्यात सिवलीळामृत. तसा रकाना नसेल तर मुळातलं रूप वर्णनात येतंच. शीर्षकात मूळ रूप ठेवायचा मोह होतो, प्रामाणिकपणाही वाटतो. पण एकाच ग्रंथाच्या दहा पोथ्या दहा तऱ्हांनी लिहिलेल्या असल्या की यादीत त्या दहा ठिकाणी विखुरतात.

सुरुवातीचे «अथ», «श्री», «श्रीमत्» आणि शेवटचे «ग्रंथ», «पोथी», «प्रारंभ» हे शब्द काढून टाका. एका संग्रहाची वर्णानुक्रमे लावलेली यादी मी पाहिली होती, त्यात निम्म्याहून जास्त पोथ्या «श्री» खाली होत्या. अशा यादीचा उपयोग शून्य.

पोथी अख्खी आहे की तुकडा, हे शीर्षकातच कळायला हवं. शिवलीलामृताचे चौदा अध्याय, पण अकरावा अध्याय रोजच्या पाठात असल्यामुळे तो एकटाच लिहून घेण्याची चाल होती. भद्रसेन राजाची आणि रुद्राक्षाच्या महिम्याची कथा त्यात आहे. बारा-पंधरा पत्रांची अशी पोथी आली तर शीर्षक «शिवलीलामृत : अध्याय ११» असं हवं. ती «अपूर्ण शिवलीलामृत» नव्हे. तो अध्याय लिहायचा होता, तेवढा पुरा लिहिला आहे.

आणि ज्याला नावच नाही त्याचं काय? कोकणातल्या घरांत पोथ्यांच्या जोडीला मोडी कागद निघतातच : आगराच्या वाटण्या, खोतीचे हिशेब, देवस्थानच्या वर्षासनाची पत्रं. त्यांना शीर्षक आपण द्यायचं आणि ते आपण दिलंय हे दाखवायला चौकटी कंसात ठेवायचं. कागद कशाचा, कुठला, कधीचा, या क्रमाने : «[नारळी-पोफळीच्या आगराचं वाटणीपत्र, राजापूर परिसर, शके १७५०]». «जुना मोडी कागद» हे शीर्षक नव्हे. तशा शीर्षकाच्या शंभर नोंदी झाल्या की त्यांतली हवी ती कशी ओळखणार?

एका बासनात तीन पोथ्या बांधलेल्या असतील तर नोंदी तीन करा. शिवलेलं बाड असेल, म्हणजे एकाच वहीत आरत्या, पदं, औषधांचे नुसखे आणि उसनवारीचे आकडे असं सगळं असेल, तर बाडाची एक नोंद करा आणि त्यातल्या मोठ्या रचनांच्या पोटनोंदी पत्रांकांसह करा. चार ओळींच्या प्रत्येक पदाची वेगळी नोंद करत बसलात तर काम कधी उरकणार नाही.

दोन शेवट आणि दोन काळ

हा भाग थोडा सावकाश वाचा, कारण सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते.

शिवलीलामृताच्या चौदाव्या अध्यायाच्या शेवटी श्रीधरांनी स्वतः काळ सांगितला आहे : शके १६४०, विलंबी संवत्सर, फाल्गुन शुद्ध पौर्णिमा, रविवार. ग्रंथ कुठे झाला तेही ते सांगतात, द्वादशमती म्हणजे बारामतीला. हे सगळं ओव्यांमध्येच आहे, त्यामुळे जो कोणी ग्रंथ उतरवून काढेल त्याच्या पोथीत ते येणारच. कशेळीत लिहिलेल्या पोथीतही आहे. नवखा माणूस शेवटची दोन पत्रं वाचतो, त्याला पहिला दिसतो तो शके १६४०, आणि तो लिहून मोकळा होतो : «तीनशे वर्षांपूर्वीची, बारामतीची पोथी.» खरं पाहता कागद आहे शके १७३८ चा, म्हणजे जवळपास शंभर वर्षांनी अलीकडचा.

ओळखायचं कसं? रचनाकाळ ओवीत असतो, त्याच्या आगेमागे ओवीचे क्रमांक असतात आणि त्यानंतर ग्रंथसमाप्तीची ओळ येते. लेखनकाळ त्या सगळ्याच्या खाली, गद्यात, कधी वेगळ्या शाईत वा थोड्या मोठ्या अक्षरात असतो. क्रमांक संपल्यानंतरचा मजकूर लिहिणाऱ्याचा, एवढं ध्यानात ठेवलंत तरी बहुतेक ठिकाणी निभावतं. या मजकुराला पुष्पिका म्हणतात.

पुष्पिकेतल्या माणसांबद्दलही तीच काळजी घ्यायची. «लिखितं», «लेखक», «हस्ताक्षर» यांच्या शेजारचं नाव नक्कल करणाऱ्याचं असतं. ते कर्त्याच्या रकान्यात जाता कामा नये. आपल्या नोंदीत कर्ता श्रीधर, आणि «[...]भट» हा फक्त वर्णनात.

कधी पुष्पिकेत तेल, पाणी आणि सैल बांधणीपासून मला सांभाळा, मूर्खाच्या हाती देऊ नका, असं पोथीच बोलते आहे असा संस्कृत श्लोक असतो. (कोकणात यातलं पाणी काही ऐकत नाही.) तो श्लोक असंख्य पोथ्यांत सापडतो. «रक्षणाचा प्रचलित श्लोक आहे» एवढं लिहिलं की पुरे.

आता शकाचं इसवी सन करू. ढोबळ रीत म्हणजे ७८ मिळवणे. पण शक बदलतो चैत्र शुद्ध प्रतिपदेला आणि इसवी सन बदलतं १ जानेवारीला. त्यामुळे माघ आणि फाल्गुन हे महिने पुढच्या इसवी सनात पडतात, तिथे ७९ मिळवायचे. पौष डिसेंबर आणि जानेवारी यांच्या सांध्यावर असतो, त्यासाठी जंत्री पाहावीच लागते. आपली पोथी माघ वद्य त्रयोदशीला, महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी संपली. तेव्हा १७३८ अधिक ७९, म्हणजे १८१७, महिना फेब्रुवारी. नुसते ७८ मिळवले असते तर १८१६ आलं असतं. श्रीधरांचा रचनाकाळही फाल्गुनातला असल्याने तो मार्च १७१९ येतो, ७८ च्या हिशेबाने येणारा १७१८ नव्हे.

आकडा बरोबर वाचलाय का, हे संवत्सराच्या नावावरून पडताळता येतं. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा अनुक्रम. १७३८ अधिक १२ म्हणजे १७५०, ६० ने भागल्यावर बाकी १०, आणि प्रभवापासून दहावा संवत्सर धाता. पोथीत धाताच आहे, जुळलं. श्रीधरांचा शक लावून पाहा : १६४० अधिक १२ म्हणजे १६५२, बाकी ३२, बत्तिसावा विलंबी. तोही जुळला. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय.

या पडताळ्याची मर्यादाही सांगतो. समजा कसरीने शकातला तिसरा आकडा खाल्ला असता आणि «१७[.]८» एवढंच उरलं असतं. धाता संवत्सर १७३८ ला येतो तसा साठ वर्षांनी १७९८ लाही येतो. दोन्ही बसतात, म्हणजे १८१७ आणि १८७७ यांच्यात पोथी लोंबकळते. पुष्पिकेत वार असता तर जंत्रीतून दोन्ही तिथींचे वार काढून निवाडा होण्याची शक्यता होती, म्हणून वार दिसला की तो कधीही गाळू नका. वार नसेल तर दोन्ही वर्षं लिहा. «अक्षरावरून जुनी वाटते» म्हणून त्यांतलं एक निवडायचं नाही. पोथीचं बाळबोध वळण पिढ्यान्पिढ्या फारसं बदलत नाही, त्यावर साठ वर्षांचा फरक ठरवणं म्हणजे अंदाजपंचे.

गावाचंही तसंच. कशेळी राजापूर तालुक्यात आहे तशी भिवंडीजवळही आहे. नुसतं «कशेळी» असतं तर आपण अडलो असतो. पण पुष्पिकेत श्रीकनकादित्य आहे, आणि कनकादित्याचं सूर्यमंदिर राजापूर तालुक्यातल्या कशेळीत आहे. गावाच्या नावाशेजारचं देवाचं नाव हा कोकणातला फार उपयोगी धागा आहे. «राजापूर तालुका» हे शब्द आपले आहेत, पोथीतले नाहीत, हे मात्र वर्णनात दिसलं पाहिजे.

विषय

विषयाच्या रकान्यात पोथी *कशाबद्दल* आहे ते जातं. पोथी *काय* आहे ते नाही. «पोथी», «हस्तलिखित», «मराठी», «ओवी», «धार्मिक ग्रंथ» हे शब्द तिथे नकोत. संग्रहातल्या प्रत्येक नोंदीला लागू पडणारा शब्द शोधताना काहीच वगळत नाही. भाषा भाषेच्या रकान्यात, ओवी वर्णनात.

आणि «कोकण» हा शब्दही नको. तुमचा संग्रह कोकणातला असल्याने तो लिहायला हात शिवशिवतो. पण शिवलीलामृत कोकणाबद्दल नाही, ते फक्त कोकणात लिहून काढलंय. तेच वर सांगितलेलं आगराचं वाटणीपत्र मात्र कोकणाबद्दल आहे, त्याला «कोकण», «बागायत», «वाटणी» हे विषय शोभतात. कोकणातल्या जमीनव्यवहारांचा अभ्यास करणाऱ्याला शोधात वाटणीपत्रं मिळाली पाहिजेत. त्याच्यापुढे शिवलीलामृताच्या वीस प्रती टाकून काय उपयोग?

यादी कुठून आणायची? मोठ्या ग्रंथालयांच्या तयार विषययाद्या आहेत, पण प्रदोष, आगर, वर्षासन अशा गोष्टी त्यांत नेमक्या सापडत नाहीत. माझं मत असं की छोट्या संग्रहाने आपलीच यादी करावी, शे-सव्वाशे शब्दांची, आणि ती एकाच माणसाच्या ताब्यात ठेवावी. प्रत्येक शब्दासमोर त्याचे नाकारलेले पर्याय लिहावेत. उदाहरणार्थ :

```
शिवरात्र व्रत  <- महाशिवरात्र, महाशिवरात्री, शिवरात्री
शिवकथा       <- शंकराच्या कथा, महादेवाच्या कथा
प्रदोष व्रत    <- प्रदोष, शनिप्रदोष, सोमप्रदोष
```

डावीकडचा शब्द नोंदीत जाईल. उजवीकडचे शब्द नोंद करणाऱ्याला वाट दाखवण्यासाठी, आणि शोधयंत्रात पर्यायी शब्द देण्याची सोय असेल तर तिथे. नवा विषय हवासा वाटला तर आधी यादीत घालायचा, मग नोंदीत. दोघं-तिघं मिळून काम करत असतील तर हा नियम मोडला की महिन्याभरात एकाच गोष्टीची तीन नावं होतात.

विषय तीन ते पाच पुरतात. निवडताना एकच विचारा : हा शब्द टाकून शोधणाऱ्या माणसापुढे ही पोथी आली तर त्याला ती हवीच असेल ना? शिवलीलामृतात दुसऱ्या अध्यायात व्याध आणि मृगांची कथा आहे, म्हणून «शिकार» हा विषय देणाऱ्याचा उत्साह मी समजू शकतो. पण शिकारीवर लिहिणारा माणूस ही पोथी उघडून वैतागेल. त्या कथेमुळे «शिवरात्र व्रत» द्या. अकराव्या अध्यायामुळे «रुद्राक्ष» द्या.

वर्णन

वर्णन वाहत्या मजकुरात लिहा, पण क्रम ठरलेला असू द्या : आत काय आहे, पोथी कशी दिसते, काय बिघडलंय, पुष्पिका, आणि पोथी कुठून आली. पहिलं वाक्य एकटं वाचलं तरी अर्थ लागावा, कारण शोधाच्या यादीत बहुधा तेवढंच दिसतं.

पुष्पिका उतरवताना काहीही सुधारायचं नाही. «संवछरे» ला «संवत्सरे» करू नका, «सिवलीळामृत» तसंच राहू द्या. वाचता येत नाही तिथे [...] घाला. वाचलंय पण खात्री नाही तिथे शब्दापुढे [?] लावा. मोडी मजकूर असेल तर तो देवनागरीत उतरवलाय हे सांगा.

«जीर्ण» हा शब्द मी वर्णनातून काढायला लावतो. कोकणातली कुठली पोथी जीर्ण नसते? कशाने आणि कुठे बिघडली ते लिहा : कसर लागली की वाळवी, ओलीचा डाग कुठल्या पत्रांवर, शाई कुठे फुटली, मजकूर गेलाय की फक्त समास. पुढच्या वर्षी कोणी पोथी पुन्हा तपासली तर नुकसान वाढलंय का, हे त्याला याच ओळींवरून कळणार आहे.

आपल्या पोथीचं वर्णन असं होईल :

«श्रीधरकृत शिवलीलामृताची चौदाही अध्याय असलेली ओवीबद्ध पोथी, एक पत्र गहाळ. कथांचा आधार स्कंदपुराण, ब्रह्मोत्तरखंड. पत्रांक १ ते १२८, उपलब्ध पत्रे १२७. पत्र ४१ (ओव्या ६३ ते ८१) नाही. सुटी पत्रे, २३ × ११ सें.मी., दर बाजूस १० ओळी, देवनागरी लिपी, काळी शाई, समासात तांबड्या रेघा. पत्रे ७३ व ७४ चिकटलेली असल्याने ७३ब व ७४अ यांचे फोटो नाहीत. पत्रे ११० ते १२८ उजव्या समासात कसर. १२८ब वर पुष्पिकेतील लेखकाचे नाव अंशतः नष्ट. रचनाकाळ (ग्रंथात) : शके १६४०, विलंबी, फाल्गुन शुद्ध १५, रविवार. लेखनकाळ (पुष्पिकेत) : शके १७३८, धाता, माघ वद्य १३. पुष्पिका, मुळाबरहुकूम : ‹शके १७३८ धातानाम संवछरे माघ वद्य १३ तद्दिने सिवलीळामृत पुस्तक समाप्त ॥ लिखितं [...]भट ॥ कशेळी श्रीकनकादित्य संनिध ॥ श्रीसांबसदाशिवार्पणमस्तु ॥›. लेखनस्थळ कनकादित्याच्या उल्लेखावरून कशेळी, ता. राजापूर असे नोंदकाराने ठरवले.»

फोटोंचा आकडाही इथे पडताळून घ्या. १२७ पत्रांच्या २५४ बाजू, त्यांतल्या दोन चिकटलेल्या, म्हणून २५२ फोटो. फोल्डरमध्ये २५१ असतील तर एखादी बाजू राहिली आहे. ती आत्ताच शोधा, पोथी घरी परत गेल्यावर नाही.

पोथी कुठून आली हे लिहिताना मालकाला विचारा. काहींना घराण्याचं नाव हवं असतं, काहींना नको असतं. नको असेल तर «खासगी संग्रह, राजापूर तालुका» एवढंच.

तक्त्यात भरताना

वर्णन सोडून बाकीची नोंद अशी दिसेल :

```
dc:identifier        KON-0042
dc:title             शिवलीलामृत
dcterms:alternative  सिवलीळामृत
dc:creator           श्रीधर
dc:subject           शिवकथा|शिवरात्र व्रत|प्रदोष व्रत|रुद्राक्ष
dcterms:created      1817-02
dc:language          mar
```

नोंदक्रमांक, फोटोंच्या फायलींची नावं आणि तारखेचा रकाना यांत इंग्रजी आकडेच वापरा, नाहीतर फायली क्रमाने लागताना आणि वर्षावरून गाळताना गोंधळ होतो. देवनागरी आकडे वर्णनात खुशाल असू देत. तारखेच्या रकान्यात लेखनकाळ जातो. तुम्ही जतन करताय ती वस्तू १८१७ ची आहे, तिच्यातली रचना १७१९ ची.

पोटनोंदींत पत्रांक लिहिताना `3-12` असं टाइप केलंत की एक्सेल त्याची तारीख करून टाकतो आणि तुमच्या लक्षातही येत नाही. आधी त्या रकान्याचा प्रकार `Text` करा, किंवा «3 ते 12» लिहा. फाइल जतन करताना `CSV UTF-8` हाच प्रकार निवडा. साधा `CSV` निवडलात तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि तशी जतन झालेली फाइल पूर्ववत होत नाही.

श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर कोणी दिला तर तो युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय चिकटवू नका. आणि «ऱ्य», «ऱ्ह» या अक्षरांकडे लक्ष ठेवा. «कऱ्हा» किंवा «कऱ्हाड» मधला हा अर्धा र वेगवेगळ्या कीबोर्डांवर दोन वेगळ्या तऱ्हांनी उमटतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

नोंद चढवली की स्वतःच ती तीन तऱ्हांनी शोधा : प्रमाण शीर्षकाने, पोथीतल्या रूपाने, आणि «शिवरात्र व्रत» वरून. पहिल्या दोन्हींना सापडली आणि विषयाला नाही, तर बहुधा विषयांमधली उभी रेघ तुमच्या प्रणालीला कळलेली नाही आणि चारही विषय मिळून तिने एकच लांबलचक शब्द धरलाय. आयात करताना विभाजक कुठला ते विचारतात, तिथे `|` दिलंय का ते पाहा.